कार्नो चक्राचा आयत: वीजकेंद्राची उष्णता कागदावर कशी मोजावी

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राजवळून जाताना पांढरे ढग सोडणारे प्रचंड मनोरे दिसतात. हा धूर नसतो, वाफ असते. टर्बाइन फिरवून झालेली वाफ ज्या पाण्याने थंड केली जाते, ते पाणी या मनोऱ्यांत पुन्हा निवते आणि त्याच्याबरोबर कोळशातून मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग हवेत निघून जातो. उन्हाळ्यात वीज अपुरी पडू लागली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: ही उष्णता हवेत का सोडतात? तिचीही वीज का करत नाहीत? केंद्र चालवणाऱ्यांची अनास्था किंवा यंत्रांचा जुनेपणा हे या प्रश्नाचे मुख्य उत्तर नाही. मुख्य उत्तर एका साध्या आयतामध्ये आहे आणि तो आयत कोणालाही वहीवर काढता येतो.

## दोन अक्ष आणि एक नवी राशी

वहीवर उभा अक्ष तापमानाचा घ्यावा. मात्र हे तापमान सेल्सिअसमध्ये न मोजता केल्विनमध्ये मोजायचे, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. त्यामुळे अक्षाच्या तळाशी असलेले शून्य हे खरोखरचे शून्य होते, ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही. आडवा अक्ष एन्ट्रॉपी या राशीचा असतो. रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तिला हे नाव दिले.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण यंत्रांचा हिशेब करताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे क्लॉसियसची मूळ व्याख्याच अधिक कामाची आहे. पदार्थाने ज्या तापमानाला उष्णता घेतली, त्या तापमानाने उष्णतेच्या आकड्याला भागले की एन्ट्रॉपीतील वाढ मिळते. उष्णता बाहेर दिली तर तेवढीच घट होते. हीच व्याख्या उलटून वाचली, तर उष्णता म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील बदल:

Q = T × ΔS

शेताची लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार म्हणजे शेताचे क्षेत्रफळ. इथे तापमान ही उंची आहे, एन्ट्रॉपीतील बदल ही रुंदी आहे आणि त्यांचा गुणाकार, म्हणजे रेषेखालचे क्षेत्रफळ, ही उष्णता आहे. एक अट मात्र पहिल्यापासून लक्षात ठेवायला हवी. ही व्याख्या घर्षण नसलेल्या आणि इतक्या सावकाश चालणाऱ्या प्रक्रियांसाठी आहे की त्या कोणत्याही क्षणी उलट दिशेने चालवता याव्यात. प्रत्यक्ष यंत्रात ही अट मोडते तेव्हा काय होते, ते पुढे येईल.

## चार बाजू, चार पायऱ्या

सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका आदर्श इंजिनाची कल्पना मांडली. त्यात फक्त चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत पदार्थ वरच्या, न बदलणाऱ्या तापमानाला उष्णता घेतो. दुसरीत तो उष्णता न घेता न देता प्रसरण पावतो, कार्य करतो आणि निवत जातो. तिसरीत तो खालच्या, पुन्हा न बदलणाऱ्या तापमानाला उष्णता बाहेर टाकतो. चौथीत त्याला दाबून, परत उष्णतेची देवघेव न करता, मूळ तापमानाला आणले जाते.

या पायऱ्या आपल्या अक्षांवर काढू. न बदलणारे तापमान म्हणजे आडवी रेषा. उष्णतेची देवघेव नाही, म्हणजे एन्ट्रॉपीत बदल नाही, म्हणजे उभी रेषा. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा मिळून एक आयत तयार होतो. इंजिनात वाफ असो, हवा असो किंवा आणखी काही, आकृती आयतच राहते. १८३४ मध्ये एमिल क्लापेरॉन याने हेच चक्र दाब आणि आकारमान यांच्या आलेखावर काढले होते. तिथे हवेसाठी तिरप्या वक्ररेषांची एक निमुळती आकृती मिळते आणि ओल्या वाफेसाठी वेगळीच. पदार्थाचा मुखवटा काढून टाकणारी आकृती हवी असेल, तर तापमान आणि एन्ट्रॉपीचीच घ्यावी, असे माझे मत आहे.

## एका किलो पाण्याचा हिशेब

आता खरे आकडे घेऊ. बॉयलरमध्ये वातावरणाच्या सुमारे दहापट दाब आहे, असे समजा. घरच्या कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. त्याच न्यायाने दहापट दाबाला ते जवळजवळ १८० अंश सेल्सिअसला, म्हणजे ४५३ केल्विनला उकळते. उकळत असताना कितीही उष्णता दिली तरी सगळे पाणी वाफ होईपर्यंत तापमान हलत नाही. आपल्याला हवी असलेली वरची आडवी रेषा पाण्याने अशी आपण होऊनच आखून दिली.

अभियंते वापरतात त्या स्टीम टेबल्समध्ये या दाबाला उकळत्या पाण्याची एन्ट्रॉपी दर किलोला २.१३८ आणि कोरड्या वाफेची ६.५८५ दिलेली असते. एकक आहे किलोज्यूल प्रति केल्विन. दोहोंमधला फरक ४.४४७. ही आयताची रुंदी. वरच्या रेषेपासून थेट शून्य केल्विनपर्यंतचे क्षेत्रफळ म्हणजे ४५३ गुणिले ४.४४७, अर्थात २०१५ किलोज्यूल. त्याच टेबलमध्ये या दाबाची अप्रकट उष्मा पाहावी. ती वेगळ्या रकान्यात दिलेली असते आणि तीही सुमारे २०१५ किलोज्यूलच निघते. आलेख नीट वाचला की नाही, हे पडताळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

टर्बाइननंतर वाफ कंडेन्सरमध्ये, म्हणजे तिला निववून पुन्हा पाणी करणाऱ्या भागात येते. तिथे तापमान ४० अंश, म्हणजे ३१३ केल्विन आहे असे धरू. आयताची खालची बाजू या उंचीवर असते. परत येताना पदार्थ उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून या बाजूखालचे क्षेत्रफळ ही बाहेर टाकलेली उष्णता: ३१३ गुणिले ४.४४७, म्हणजे १३९२ किलोज्यूल. वरच्या आणि खालच्या बाजूंच्या मधला आयत, १४० अंश उंच आणि ४.४४७ रुंद, हे मिळालेले कार्य: ६२३ किलोज्यूल. पदार्थ मूळ स्थितीला परतला असल्यामुळे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या उष्णतेतील फरक कार्यातच गेलेला असणार, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून ठरते.

आपण घेतलेली उष्णता म्हणजे मोठा आयत. त्याचा खालचा भाग टाकून द्यावा लागला, वरचा भाग हाती आला. दोन्हींची रुंदी सारखीच आहे, म्हणून कार्यक्षमता काढताना ती कटून जाते आणि फक्त उंची उरतात: १४० भागिले ४५३, म्हणजे सुमारे ३१ टक्के. घर्षण नाही, गळती नाही, सगळे आदर्श आहे आणि तरीही ६९ टक्के उष्णता कंडेन्सरच्या पाण्यात गेली.

## पण ती बाहेर टाकायचीच कशाला?

शंकेची खरी जागा हीच आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

कार्नोने उष्णतेची तुलना उंचावरून पडणाऱ्या पाण्याशी केली होती. आपल्याकडे कोयनेचे उदाहरण घेता येईल. धरणाचे पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरताना टर्बाइन फिरवते आणि खाली वाशिष्ठी नदीत जाते. जेवढे पाणी वरून आले, तेवढेच खाली बाहेर पडते. वीज मिळते ती पाणी संपल्यामुळे नव्हे, त्याची उंची कमी झाल्यामुळे. कार्नोच्या काळी समज असा होता की उष्णताही पाण्यासारखीच असते: जेवढी वरून आत, तेवढीच खाली बाहेर. हे चूक निघाले, कारण उष्णतेचा एक भाग कार्यात बदलतो. तरीही त्याची उपमा वाया गेली नाही. आदर्श इंजिनात जे जसेच्या तसे वरून खाली उतरते, ते म्हणजे एन्ट्रॉपी. आयताच्या दोन्ही आडव्या बाजूंची लांबी सारखी असते, याचा अर्थ हाच.

बॉयलरमध्ये वाफेच्या पदरात ४.४४७ एवढी एन्ट्रॉपी पडली. चक्र पूर्ण करून पाण्याला मूळ स्थितीत आणायचे, तर ती कुठेतरी उतरवून ठेवायला हवी. टर्बाइनचा दांडा ती वाहून नेऊ शकत नाही. कार्याबरोबर एन्ट्रॉपी जात नाही. ती केवळ उष्णतेबरोबर बाहेर जाते आणि ३१३ केल्विनला ४.४४७ एन्ट्रॉपी बाहेर टाकायची तर तिच्याबरोबर १३९२ किलोज्यूल जावेच लागतात. मनोऱ्यातून निघणारा ढग हा या देण्याचा भरणा आहे.

## खालची बाजू आणखी खाली नेली तर?

तापमान शून्य केल्विनला आणले तर खालचा आयत उरणारच नाही, हे आकृतीवरून दिसते. परंतु कंडेन्सरची उष्णता शेवटी नदीला, तलावाला किंवा हवेला द्यायची असते आणि आपल्या भोवतालचे तापमान ३०० केल्विनच्या आसपास असते.

मग कंडेन्सर यंत्राने का गार करू नये? समजा, भोवताली ४० अंश असताना कंडेन्सर २० अंशांवर आणला. आयताला खालून २० अंश उंचीची पट्टी जोडली गेली आणि ४.४४७ गुणिले २०, म्हणजे ८९ किलोज्यूल कार्य वाढले. पण गार करणारे यंत्र म्हणजे हेच चक्र उलट दिशेने. त्याला तीच एन्ट्रॉपी २० अंशांवरून उचलून ४० अंशांवर न्यायची आहे आणि त्यासाठी लागणारे कार्य म्हणजे नेमकी तीच पट्टी: ८९ किलोज्यूल. सर्वोत्तम यंत्रातही हिशेब शून्यावर येतो, प्रत्यक्षात तोट्यात जातो.

उलट बाजूने पाहिले, तर कडक उन्हाळ्यात कंडेन्सर ४० वरून ५० अंशांवर गेला की कार्याच्या आयतातून १० अंशांची, साधारण ४४ किलोज्यूलची पट्टी कापली जाते. ६२३ मधून हे सात टक्के आहेत. बॉयलरमध्ये घातलेली उष्णता तेवढीच असते, वीज मात्र कमी मिळते.

## वरची बाजू आणखी वर नेली तर?

इथे फायदा खरा आहे, पण पाणी स्वतःच आडवे येते. दाब वाढवला की उकळण्याचे तापमान वाढते, मात्र पाणी आणि वाफ यांच्या एन्ट्रॉपीतील अंतर कमी होत जाते. ३०० अंशांना ते ४.४४७ वरून सुमारे २.४५ वर येते आणि सुमारे ३७४ अंशांना शून्य होते. त्यापलीकडे उकळणे ही वेगळी घटनाच उरत नाही. म्हणून ५४० अंशांच्या आसपास वाफ वापरणाऱ्या केंद्रात वरची बाजू पूर्णपणे आडवी राहत नाही. पाणी तापताना रेषा चढते, उकळताना आडवी राहते आणि नंतर वाफ आणखी तापवताना पुन्हा चढत जाते. त्यापुढे नळ्यांचे आणि टर्बाइनच्या पात्यांचे धातू मर्यादा घालतात.

अशा वेड्यावाकड्या आकृतीसाठी अभियंते एक सुंदर युक्ती करतात. चढत्या रेषेखालचे एकूण क्षेत्रफळ काढून त्याला रुंदीने भागले की उष्णता घेण्याचे सरासरी तापमान मिळते. जमिनीचा उंचसखल तुकडा सपाट करून त्याची एक उंची ठरवावी, तसे हे आहे. मग कार्नोचा आयत पुन्हा वापरता येतो.

## प्रत्यक्षात हा आयत कोणी का बांधत नाही?

आपल्या उदाहरणातले खालचे दोन कोपरे पाहावेत. उजव्या उभ्या रेषेने वाफ ४० अंशांवर उतरते, तेव्हा तिच्यात वजनाने सुमारे २२ टक्के पाण्याचे थेंब झालेले असतात. प्रचंड वेगाने आदळणारे हे थेंब पाती झिजवतात. डाव्या बाजूची अडचण त्याहून मोठी आहे. तिथे वाफ पूर्ण पाणी होण्याआधीच, म्हणजे २० टक्के वाफ शिल्लक असताना, निववणे थांबवायचे आणि ते पाणी-वाफेचे मिश्रण दाबून नेमके उकळते पाणी करायचे असते. पंप पाण्यासाठी असतो, कॉम्प्रेसर वायूसाठी. या मिश्रणावर दोन्ही नीट चालत नाहीत.

म्हणून केंद्रात वाफेचे पूर्ण पाणी केले जाते आणि ते साध्या पंपाने बॉयलरमध्ये ढकलले जाते. याला रँकिन चक्र म्हणतात. किंमत काय पडते, तेही आकृतीत दिसते. ४० अंशांचे पाणी १८० पर्यंत तापवताना आयताच्या डावीकडे एक चढता उतार जोडला जातो आणि ती उष्णता कमी तापमानाला घेतलेली असते. एकूण रुंदी ६.०१३ होते, घेतलेली उष्णता सुमारे २६०९ किलोज्यूल आणि सरासरी तापमान ४३४ केल्विनवर घसरते. कार्यक्षमता ३१ वरून सुमारे २८ टक्क्यांवर येते. उष्णता घेण्याचे तापमान १९ अंशांनी खाली आले, एवढेच याचे कारण आहे.

## क्षेत्रफळ वाचताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक सेल्सिअसची. १८० आणि ४० हे आकडे तसेच वापरले तर कार्यक्षमता ७८ टक्के निघते. एवढा मोठा आकडा दिसला की एकक तपासावे.

दुसरी चूक छापील आलेखांमुळे होते. जागा वाचवण्यासाठी अनेक आलेखांत तापमानाचा अक्ष शून्यापासून न काढता ३०० केल्विनपासून काढलेला असतो. मग खालचा आयत १३ अंशांची बारीक चिंधी दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटते की इंजिन ९० टक्क्यांहून अधिक चांगले आहे. मधला कार्याचा आयत अशा आलेखावरही बरोबर असतो, परंतु घेतलेली आणि टाकलेली उष्णता मात्र डोळ्यांनी मोजता येत नाही. अक्ष कुठून सुरू होतो, हे पाहिल्याशिवाय क्षेत्रफळाविषयी काही बोलू नये.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. खऱ्या टर्बाइनमध्ये घर्षण आणि भोवरे असतात, त्यामुळे उष्णतेची देवघेव नसतानाही एन्ट्रॉपी वाढते आणि उतरणारी रेषा सरळ न राहता उजवीकडे कलते. त्या तिरप्या रेषेखाली क्षेत्रफळ दिसते, पण ते बाहेरून आलेल्या उष्णतेचे नसते. सुरुवातीची अट तिथे मोडलेली असते. या कलण्याचा परिणाम खालच्या बाजूवर वाचावा. एन्ट्रॉपी ०.३ ने वाढली, तर कंडेन्सरचा आयत तेवढा रुंद होतो आणि ०.३ गुणिले ३१३, म्हणजे ९४ किलोज्यूल जास्त टाकावे लागतात. आपल्या मूळ उदाहरणात कार्य ६२३ वरून ५२९ वर येईल आणि कार्यक्षमता सुमारे २६ टक्क्यांवर.

## भट्टीपासून मोजले तर

आतापर्यंत आपण वाफेपासून मोजायला सुरुवात केली, पण उष्णता येते ती कोळशाच्या ज्वाळांतून. ती १२०० अंशांना, म्हणजे १४७३ केल्विनला मिळते असे धरू. तीच २०१५ किलोज्यूल उष्णता या उंचीवर काढली तर आयत उंच आणि अरुंद होतो: रुंदी फक्त १.३७. ही उष्णता १८० अंशांच्या पाण्यात शिरली की क्षेत्रफळ तेच राहते, पण आयत बसका आणि ४.४४७ रुंद होतो. एक किलोज्यूलही हरवलेला नाही. मात्र ३१३ केल्विनच्या खालचा, टाकून द्यावाच लागणारा भाग ४२८ वरून १३९२ किलोज्यूल झाला. मनोऱ्याकडे बोट दाखवताना हे लक्षात घ्यावे की नुकसानाचा मोठा भाग कंडेन्सरमध्ये झालेला नसून त्याच्या बऱ्याच आधी, बॉयलरच्या नळीच्या भिंतीत झालेला आहे.

उंच आयत बसका होण्याआधीच वापरायचा, तर ज्वाळांचे तप्त वायू थेट टर्बाइनमध्ये सोडावे लागतात. कोळशाच्या राखेमुळे ते अवघड आहे, नैसर्गिक वायूने ते जमते. उरणच्या वायू वीजकेंद्रात आधी गॅस टर्बाइन चालते आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर वाफ तयार करून दुसरी टर्बाइन चालवली जाते. वरच्या चक्राची आकृती आयत नसते, तिच्या बाजू चढत्या-उतरत्या असतात. पण तिने बाहेर टाकलेल्या उष्णतेच्या क्षेत्रफळाचा मोठा भाग खालच्या वाफेच्या चक्राने घेतलेले क्षेत्रफळ बनतो. दोन्ही आकृत्या एकाच वहीवर, एकीखाली एक काढल्या की बाहेर टाकली जाणारी पट्टी पूर्वीपेक्षा किती अरुंद झाली, ते पट्टीने मोजता येते.